पंपाला लागलेली उचकी

मे महिन्यात जळगावात गच्चीवर झोपायचं म्हणजे तारे मोजायचे. यंदा मी पंपाचे खटके मोजले. खाली कोणी नळ सोडला की खट्, घुर्र, खट्. तीन सेकंद शांतता, की पुन्हा खट्. आबा अंथरुणातूनच म्हणाले, "पंप येडा व्हयी गया का रे भाऊ?"

प्लंबर आला. त्याने आधी स्विच बदलला, मग वॉल्व्ह बदलला, शेवटी माझ्याकडे असं पाहिलं की आता मलाच बदलणार. उचकी तशीच.

तेव्हा मी जरा डोकं लावलं. सगळे नळ बंद असताना पंप मध्येच सुरू होत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा वॉल्व्हमधून पाणी मागे जातंय. आमचा पंप नळ बंद असला की गप्प, नळ सोडला की लगेच पिसाळायचा. म्हणजे दोष पंपाला जोडलेल्या त्या निळ्या प्रेशर टाकीतच.

टाकीत रबराची पिशवी असते. पिशवीत पाणी, बाहेर कोंडलेली हवा. पाणी काही दाबलं जात नाही, दबते ती हवा, आणि तीच स्प्रिंगसारखी पाणी नळाकडे ढकलते. आमचा पंप पाण्याचा दाब २० पीएसआयला उतरला की सुरू होतो, ४० ला बंद. हवा नीट असली तर २४ लिटरच्या टाकीतून या दोन आकड्यांमध्ये साधारण ८ लिटर पाणी निघतं. हवा गेली की तांब्याभर पाण्यातच दाबाचा काटा खाली येतो, आणि पंप चालू होताच क्षणात वर जातो. त्यात दर सुरुवातीला मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. बाहेर ४४ डिग्री असताना तिची वायंडिंग अशा दोनशे सुरुवाती किती दिवस सोसणार?

टाकीच्या मागे प्लॅस्टिकच्या टोपीखाली स्कूटरच्या ट्यूबसारखा वॉल्व्ह सापडला. मेन स्विच बंद केला, नळ सोडून काटा शून्यावर आणला. (पाणी न काढता मोजलं तर पाण्याचाच दाब दिसतो, पहिल्यांदा मी तसाच फसलो.) मग वॉल्व्हची पिन दाबली. तिथून पाणी आलं असतं तर पिशवी फाटलेली, म्हणजे नवी घालण्यावाचून गत्यंतर नाही. सुदैवाने नुसतंच फुस्स झालं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून गेज मागून आणला. काटा शून्यावरून जेमतेम हललेला! हवा असायला हवी १८, म्हणजे पंप सुरू होतो त्याच्या २ ने कमी.

सायकलचा पंप आणला आणि भर उन्हात मारायला बसलो. टाकी काही सायकलची ट्यूब नव्हे. १८ गाठेपर्यंत बनियन पिळून घ्यायची वेळ आली. शेजारचे काका कुंपणावरून विचारत होते, "पाण्याच्या टाकीत हवा भरताय?" त्यांना सगळं समजावण्याइतका दम माझ्यात उरला नव्हता.

मग मेन स्विच टाकला, टाकी भरून पंप बंद होऊ दिला, नळ सोडला आणि बादली लावली. बादली निम्मी झाल्यावर पंप एकदाच सुरू झाला.

त्या रात्री दोन वाजता आबांनी हलवून उठवलं.

"काय झालं?"

"आवाज येत नाही. पंप बंद पडना का रे?"