ग्राफिक्स कार्ड नाही, आधी प्रोसेसर बघा

"पीसीवर पीएस२ चे गेम चालवायचेत ना? पीएस२ तर २००० सालचा कन्सोल, ग्राफिक्स कार्ड चांगलं असलं की झालं."

नाही हो, इथेच लोकांचे पैसे वाया जातात! पीएस२ मधला मुख्य प्रोसेसर जेमतेम २९५ मेगाहर्ट्झचा, पण सोबत दोन वेक्टर युनिट आणि वेगळी ग्राफिक्स चिप, आणि पीसीवर पीएस२ ची नक्कल करणाऱ्या PCSX2 या एम्युलेटरला त्या सगळ्यांच्या सूचना चालू गेममध्येच भाषांतर करून एकमेकांच्या वेळेशी जुळवत चालवाव्या लागतात, त्यामुळे हे काम फार कोअरमध्ये वाटता येत नाही. म्हणून जुन्या आठ कोअरपेक्षा नवीन, वेगवान चार कोअर भारी पडतात.

गेम अडखळला तर PCSX2 मधलं Internal Resolution हे सेटिंग नेटिव्हवर, म्हणजे मूळ पीएस२ इतकं, आणून बघा, तरी स्पीड तेवढाच राहिला तर प्रोसेसरच कमी पडतोय, मग नवीन कार्ड घेऊन काडीचा फरक पडणार नाही.