कळविण्यास अत्यंत खेद होतो की…

पुण्यात नवी पेठेत माझी घरगुती मेस आहे. रोजचे साठ डबे जातात. डब्यात तीन पोळ्या, भाजी, आमटी-भात आणि कागदाच्या पुडीत चटणी. २०२५ मध्ये डब्याचा दर ८० रुपये होता. तेव्हा हिशेबाची वही उघडली तर किराणा, भाजी, निळा सिलिंडर, मावशींच्या पोळ्या आणि डबे पोचवणारा पोरगा मिळून एका डब्याला ६२ रुपये लागत होते. उरले अठरा. त्या अठरात जागेचं भाडं, वीज, भांडी आणि आम्ही दोघं.

"दर वाढवायला हवा," मी म्हटलं. आमच्या ह्यांचा चेहरा असा झाला की वाटावं, मी घर सोडायची गोष्ट काढली. ह्यांचा स्वभाव भिडस्त. रिक्षावाल्याकडे सुट्टे मागतानाही आधी 'सॉरी' म्हणतात. त्यांनी लगेच पर्याय सुचवला, "दर राहू दे. पोळी जरा लहान लाटायला सांग मावशींना. कुणाला कळतंय?"

कळतं. शेजारच्या गल्लीतल्या एका मेसने तेच केलं होतं आणि तिथले मेंबर आमच्याकडे आले होते. त्यातल्या एकाने कारण सांगितलं होतं, "काकू, तीन पोळ्या खाऊन चौथीची भूक लागायला लागली." दरवाढीवर माणूस एकदा चिडतो. पोळी लहान केली तर तो रोज दुपारी एक वाजता चिडतो, आणि वर आपल्याला लबाड समजतो.

मग ठरलं की दर ९० करायचा, एकदाच, आणि निदान वर्षभर पुन्हा हात लावायचा नाही. मेंबरांच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर लिहायचं काम ह्यांनी हौसेने अंगावर घेतलं. कागदावर पहिली ओळ होती, 'कळविण्यास अत्यंत खेद होतो की'. पुढे दशक्रिया विधी कुठे आहे तेवढंच लिहायचं राहिलं होतं. त्याखाली जागतिक परिस्थिती, मान्सून, खाद्यतेल, गॅस, मजुरी आणि 'आपले प्रेम असेच राहो'. दर मात्र सापडेना. तो शेवटून दुसऱ्या ओळीत कंसात होता.

"जाऊन वाचून दाखवा कुणाला तरी," मी म्हटलं. ते लातूरच्या मुलाकडे गेले. हा मुलगा राज्यसेवेची तयारी करतो. चालू घडामोडी त्याच्या तोंडावर असतात आणि तोंड आमच्या डब्यात. तेलापाशी त्याने ह्यांना थांबवलं.

"काका, सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, बरोबर. पण ३० मे २०२५ ला ते परत १० वर आणलं. मग आता जूनमध्ये तुम्ही दर कमी करायला हवा ना?"

हे घाम पुसत परत आले. पण पोराने लाखाची गोष्ट फुकटात सांगितली होती. दर एका जिनसाच्या खुंटीला टांगला की ती जिन्नस उतरली त्या दिवशी मेंबर दारात उभा. आणि सहा कारणं दिली की वाद घालायला सहा जागा मिळतात. मी सगळं खोडून चार ओळी लिहिल्या: '१ जुलैपासून डबा ९० रुपये. पोळ्या, भाजी, भात, सगळं आहे तेवढंच आणि आहे तसंच. हातातली कुपनं ३१ ऑगस्टपर्यंत जुन्या दरातच चालतील. काही विचारायचं असेल तर मला फोन करा.' ह्यांना ते उद्धट वाटलं. निदान 'कृपया' तरी घाल म्हणाले. घातलं, 'फोन करा'च्या आधी.

एक जुलै मी मुद्दाम धरली होती. तेव्हा नवी पोरं पुण्यात येतात, त्यांना ८० कधी होते हेच माहीत नसतं. जुन्यांना जवळजवळ तीन आठवडे मिळतात. घरून पैसे मागवणाऱ्या मुलाला तेवढा वेळ हवाच. तीस तारखेला सांगितलं असतं तर दहा रुपयांपेक्षा वडिलांना पुन्हा फोन करायचीच त्याला लाज वाटली असती.

रात्री ह्यांनी वेगळीच चिंता काढली, "मेंबर सुटले तर?" म्हणून वही पुढे ओढली. आज साठ डब्यांना अठराप्रमाणे रोजचे १,०८० उरतात. नव्वदला डब्यामागे अठ्ठावीस उरणार. एकोणचाळीस डबे गेले तरी १,०९२. म्हणजे एकवीस जण सोडून गेले तरी हातात तेवढंच, आणि कांदे कमी चिरायचे. हे एकदम खुशीत आले. ह्या हिशेबात एक खोट आहे, ती मी झोपण्यापूर्वी सांगितली नाही: मेंबर एकेकटा सुटत नाही. एका खोलीत चौघं राहतात, एकाने दुसरी मेस धरली की चौघांचे डबे तिकडे.

ग्रुपवर टाकण्याआधी पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. मेस सुरू झाली तेव्हापासूनचे मेंबर. त्यांना ही बातमी डबे पोचवणाऱ्या पोराकडून कळली असती तर दहा रुपयांचं दुःख नसतं, मानाचं असतं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मला मात्र जुनाच दर ठेवणार असशील." ठेवला असता, पण आमचे सगळे डबे एकाच पोराच्या पिशवीत असतात आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. "सर, दर सगळ्यांना एकच," मी म्हटलं. "बरं, मग जुन्या दराची दहा कुपनपुस्तकं दे." एका पुस्तकात तीस कुपनं. ३१ ऑगस्टची मुदत नसती तर दहा पुस्तकांत मास्तर पुढच्या एप्रिलपर्यंत ८० रुपयांत जेवले असते. माणशी एकच पुस्तक हा नियम त्यांच्या दारातच जन्माला आला, आणि त्याच दिवशी ग्रुपवर गेला.

ग्रुपवर काय झालं? एकाने रडका चेहरा टाकला. एकाने विचारलं, "काकू, मग रविवारी गुलाबजाम दोन का?" लातूरकराने आयात शुल्काचा तक्ता टाकला. हे दिवसभर फोन उशाशी घेऊन बसले, एकेका चेहऱ्याचा अर्थ लावत. मी त्या बोलणाऱ्यांकडे लक्ष दिलं नाही. जो भांडतो तो राहायचं ठरवून भांडतो. मी पाहत होते 'ओके काकू' लिहिणाऱ्यांकडे. असा माणूस सोडताना सांगत नाही. आधी त्याचे खाडे वाढतात. मंगळवारी 'आज नको', गुरुवारी 'मित्राकडे आहे', आणि मग कुपनं संपली तरी नवं पुस्तक न्यायला येत नाही. जुलैत असे पाच जण निघाले, त्यातले तिघं एकाच खोलीतले. त्यांना फोन करून विचारलं तर एकाने सांगितलं, दर नाही, नोकरी लागली. त्याला पेढे आणायला सांगितलं.

ग्रुप थंड झाला तशी सकाळी पोळ्यांच्या मावशी तव्यावर पाणी शिंपडत म्हणाल्या, "ताई, डब्याचा दर वाढवला म्हणे. येत्या एक तारखेपासून पोळीमागं आठ आणे जास्त द्या."

तारीख सांगितली. आकडा एकच सांगितला. तोंडावर सांगितलं, कारण दिलं नाही आणि खेदही नाही. माझ्या मनात साठ गुणिले तीन, रोजचे नव्वद रुपये, असा हिशेब चालू होता, तेवढ्यात हे आतून म्हणाले, "हो हो मावशी, सॉरी, आम्हीच आधी विचारायला हवं होतं."