हेल्थ फॉसेट: ट्रिगर सोडला म्हणजे पाणी बंद झालं नाही

‘हेल्थ फॉसेट सगळे सारखेच. ट्रिगर सोडला की पाणी बंद, भिंतीतला अँगल कॉक रोज कशाला फिरवायचा? प्रेशर जितकं जास्त तितकं बरं. होज लांब घ्या आणि फ्लशच्या कॉकलाच दोन तोंडांचा टू-वे लावून टाका, वेगळा पॉइंट काढायची गरज नाही.’ कमोडशेजारच्या या हातातल्या फवाऱ्याबद्दल असा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो का चुकतो ते एकेक करून पाहू.

ट्रिगर सोडल्यावर पाणी थांबतं ते गनच्या आत. अँगल कॉकपासून गनपर्यंतची होज मात्र भरलेलीच राहते आणि गच्चीवरच्या टाकीचा पूर्ण दाब तिच्यावर रात्रंदिवस असतो. स्प्रिंगसारखं दिसणारं स्टीलचं कवच होजला दुमडण्यापासून वाचवतं. पाण्याचा दाब सोसते ती आतली बारीक नळी. ती फुटते बहुधा नटाजवळ, जिथे होज सगळ्यात जास्त वाकते. आधी तिथे फुगवटा दिसतो किंवा कवचाच्या कड्यांमधून थेंब येऊ लागतात. तेव्हाच होज बदलावी. घरी कोणी नसताना ती फुटली, तर कॉक बंद होईपर्यंत किंवा टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहत राहतं.

काही जण त्यावर उपाय म्हणून कॉक अर्धाच उघडा ठेवतात. धार कमी होते हे खरं, पण ट्रिगर बंद असताना होजमधला दाब लगेच पूर्ण चढतोच. अर्धा कॉक प्रवाह रोखतो, थांबलेल्या पाण्याचा दाब नाही. त्यामुळे वापर झाला की कॉक पूर्ण बंद करायचा आणि मग ट्रिगर एकदा दाबून होजमधला दाब सोडायचा. रोज जमत नसेल तर निदान रात्री आणि घराबाहेर पडताना तरी हे करावंच.

प्रेशर किती, हे घर टाकीच्या किती खाली आहे यावर ठरतं. टाकीतल्या पाण्याची पातळी १० मीटर वर असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर ही उंची ४ मीटर धरली तर हाती येतो ०.४ बार. तिथे मोठ्या तोंडाची, पुष्कळ छिद्रांची गन घेतली तर धार मरते. थोडी छिद्रं आणि लहान तोंड असलेली घ्यावी. उलट २० मजली इमारतीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर तळमजल्यावर जवळपास ६ बार येऊ शकतात. इतक्या जोराच्या धारेने नाजूक त्वचेला इजा होऊ शकते आणि घाण पाणी सीटवर, भिंतीवर उडतं. खाली राहणाऱ्यांनी पितळी नटाची, चांगल्या प्रतीची होज निवडावी. म्हणजेच शेजारच्या घरात उत्तम चालणारा फॉसेट आपल्याकडे चालेलच असं नाही.

आता जागा. फ्लशच्या टाकीचा कॉक बऱ्याच घरांत बसणाऱ्याच्या डाव्या हाताला, मागच्या भिंतीवर असतो. आपल्याकडे धुतात डाव्या हाताने, म्हणजे गन उजव्या हातात हवी. टू-वे डावीकडे बसवला की होज अंगावरून ओढून घ्यावी लागते, आणि वयस्कर माणसाला तर मागे वळणंच जड जातं. नवं बाथरूम करताना उजवीकडे वेगळा पॉइंट काढून घ्यावा. टाइल्स लागण्याआधी हे काम अगदी किरकोळ असतं. हुकाची खूण कागदावरच्या मापाने करू नये. सीटवर बसून, न वळता उजवा हात जिथे सहज पोचतो तिथे करावी.

होजची लांबी हुकावरून ठरते. कॉक जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर आणि हूक त्याच्या शेजारी ६५ सेंटीमीटरवर आहे असं धरू. दोन्हींची बेरीज ११०. त्यातून १ मीटरची होज वजा केली की राहतात १०, त्याचे निम्मे ५. म्हणजे होजचा लोंबता वळसा जमिनीपासून किमान ५ सेंटीमीटर वर राहतो. गोलाईमुळे प्रत्यक्षात दोन-तीन सेंटीमीटर जास्तच. हाच हिशेब दीड मीटरच्या होजचा केला तर उत्तर उणे येतं, म्हणजे होज फरशीवर लोळणार आणि तिथली घाण थेट हातात येणार. बादली भरायला लांब होज हवी असेल तर हूक वर घ्यावा. गन कमोडच्या काठापेक्षा वरच टांगलेली हवी. ती भांड्यात लोंबत राहिली, ट्रिगर गळका असला आणि त्याच वेळी पाइपमधला दाब गेला, तर भांड्यातलं पाणी उलट खेचलं जाऊ शकतं.

बसवताना टेफ्लॉन टेप लावायची ती अँगल कॉकच्या भिंतीत जाणाऱ्या आट्यांवर. होजच्या नटात गळती थांबवतो तो रबरी वाशर. तिथे टेपचे कितीही वेढे दिले तरी उपयोग नाही. नट हातानेच घट्ट करून पान्याने फार तर पाव फेरा द्यावा. त्याहून जास्त आवळलं तर वाशर चेपतो, प्लास्टिकचा नट तडकतो. मग कॉक उघडून, ट्रिगर बंद ठेवून दोन्ही नटांभोवती कोरडा टिशू गुंडाळावा आणि अर्ध्या तासाने पाहावा. ओला झाला असेल तर आणखी आवळू नये. नट सोडून वाशर नीट बसलाय का ते बघावं.