लग्नपत्रिकेच्या चुकीबद्दल दुकानमालकाचं उत्तर

★☆☆☆☆ "मुलीच्या लग्नाच्या ३५० पत्रिका इथून छापल्या. मराठी बाजूला मुहूर्त ११.४७, कन्नड बाजूला १२.४१! बैलहोंगलचे पाहुणे आले तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. वर 'अर्जंट'च्या नावाखाली ४०० रुपये जादा उकळले. कन्नडच आहे, कोण वाचतंय, असा कारभार. कुणीही जाऊ नका."

नमस्कार काका,

चूक आमच्याकडून झाली. तुमच्या व्याह्यांकडच्या माणसांना अक्षता मिळाल्या नाहीत त्या आमच्या पत्रिकेमुळे. त्याबद्दल मी माफी मागतो.

फोनवर तुम्ही आमच्या ऑपरेटर पोराला काढून टाका म्हणालात. त्याला मी काढणार नाही, कारण चूक माझ्यापासून सुरू झाली. भटजींनी मुहूर्त बदलला म्हणून तुमचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होतो. एका हातानं चिठ्ठी लिहिली, 'मुहूर्त ११.४७ करणे', आणि ऑपरेटरच्या टेबलावर ठेवली. 'दोन्हीकडे' हा शब्द लिहिला नाही. त्यानं मराठीतला मुहूर्त बदलला, फाइल सेव्ह केली आणि प्लेटला पाठवली. कन्नडचा मजकूर बाजूच्या पानावर वेगळ्या फॉन्टमध्ये, आकडे पण कन्नड अंकांत. छापताना पहिला कागद मी हातात घेऊन बघितला होता, पण शाई सारखी बसली का ते बघितलं, आकडे वाचले नाहीत.

प्रूफला तुम्ही व्हॉट्सॲपवर 'ओके' दिलं होतं. दुकानातल्या एक-दोघांनी मला सुचवलं की तेच उत्तरात टाका. पण तुमचं ओके जुन्या मुहूर्ताच्या प्रूफला होतं. बदल केल्यावर नवीन प्रूफ मी पाठवलंच नाही, मग ते ओके पुढं करून काय उपयोग?

पण काका, 'उकळले' हा शब्द मला लागला. ते सांगतो, कारण वाचणाऱ्याला वाटेल आम्ही अडलेल्या माणसाला लुटतो. तुमचा फोन आला तेव्हा प्लेट तयार होती. तयार प्लेटवरचं अक्षर पुसता येतं, पण नवीन घालता येत नाही. म्हणजे एक आकडा बदलायचा तरी प्लेट नवीन. त्यात लग्नसराई, मशीनवर दुसऱ्याच्या निळ्या शाईचं काम चढलेलं. ते उतरवायचं, रोलर धुवायचे, तुमची मरून शाई लावायची आणि तुमचं झाल्यावर पुन्हा धुवायचे. पाऊण तास तरी त्यात जातो. ४०० रुपये त्याचे होते. तुम्हाला आधी सांगितले, तुम्ही हो म्हणालात, पावतीवर 'प्लेट बदल' असं लिहून दिलंय. अर्जंट असा शब्द आमच्या पावतीवर नाही. हे सगळं खरं असलं तरी ज्या प्लेटचे पैसे घेतले तिच्यावरच चूक राहिली, म्हणून ते ४०० तुमचे तुम्हाला परत. छपाईचे १,४०० पण परत. कोऱ्या कार्डांचे पैसे होलसेलवाल्याकडं गेलेत, तेवढे मला झेपणार नाहीत, स्पष्ट सांगतो.

आणि कन्नडचं. शहापुरात २२ वर्षं दुकान आहे. आमच्याकडच्या निम्म्या पत्रिका दोन्ही भाषांत असतात. एका घरात सून कन्नड, सासू मराठी, हे आपल्याकडं नवीन आहे का? मी स्वतः कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलोय. कन्नड म्हणून सोडलं असं नाही झालं. चुकून सुटलं. तुमच्या पाहुण्यांना दोन्ही सारखंच, ते मला कळतं.

आता कुठलाही बदल झाला, एका आकड्याचा असला तरी, प्रूफ पुन्हा पाठवतो, तेही फोटो नाही, पीडीएफ, म्हणजे बारीक अक्षर फुटत नाही. प्लेट करण्याआधी तारीख, वार, मुहूर्त आणि कार्यालय दोन्ही पानांवरून एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं, असं चालू केलंय. सराईच्या गर्दीत ते रोज पाळायचा प्रयत्न आहे. बाकी पण थोडे बदल करतोय.

तुम्हाला दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही, राग साहजिक आहे. पैसे पाकिटात घालून ठेवलेत. रविवारी शटर अर्धं असतं, पण मी आत असतो. पावती नसली तरी चालेल, तुमची एक पत्रिका माझ्याकडं आहे.