दोन वेळा सुचवणे हा उद्धटपणा नव्हे

प्रतिक्रिया : "एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला आपणच वेळा सुचवायच्या, हा उद्धटपणा झाला. 'आपल्या सोयीने वेळ द्यावी' एवढे नम्रपणे लिहिले की पुरे. तुमचा नमुनाही लांबलचक आहे. आणि कोकणात अशी कामे ओळखीने होतात, पत्राने नाही. शहरी शिकवण्या इथे नकोत."

महोदय,

अधिकाऱ्याची भेट मागणाऱ्या पत्रात आपणच दोन वेळा सुचवाव्यात, असे मी मागच्या लेखात पत्राच्या नमुन्यासह लिहिले होते; त्यावर आपली ही प्रतिक्रिया आली. नमुन्यातील संस्थेची माहिती देणारी दोन वाक्ये जास्त होती, ती मी काढली आहेत. ओळखीच्या मुद्द्यावर वाद घालत नाही; ज्यांची ओळख नाही, त्यांच्यासाठीच तो लेख होता. मात्र 'उद्धटपणा' आणि 'शहरी शिकवण्या' हे शब्द आपण नाव न लिहिता वापरलेत, ते मला लागले. रत्नागिरीतल्या एका सरकारी कार्यालयात साहेबांची दैनंदिनी सांभाळण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, म्हणून हे ठामपणे लिहितो.

'आपल्या सोयीने' असे लिहिलेले पत्र साहेबांपुढे ठेवले, की ते विचारणार, "केव्हा बसवायचे?" मग स्वीय सहायकाने दैनंदिनी चाळायची, आपल्याला फोन करायचा, आपण म्हणणार त्या दिवशी जमत नाही, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशी पत्रे नम्र असूनही ढिगाच्या तळाशी जातात. दोन वेळा दिल्या असतील तर एकीपुढे खूण करून काम संपते.

हर्णैच्या एखाद्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांना बंदरातील गाळाबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना भेटायचे आहे, असे धरू. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून जूनमध्ये त्यांना सवड असते. हर्णैहून रत्नागिरीला यायला अर्धा दिवस जातो, तेव्हा सकाळी दहाची वेळ मागण्यात अर्थ नाही. सोमवार लोकशाही दिन आणि आढावा बैठकांत अडकण्याचा संभव, तोही टाळावा. मग आठवडाभर आधी असे लिहावे :

"आपली पूर्वी भेट झालेली नाही. बंदरातील गाळामुळे होड्या किनाऱ्याला लागत नाहीत, याविषयी पंधरा मिनिटे हवीत. मंगळवार, 10 जून 2025 रोजी दुपारी 3.30 किंवा गुरुवार, 12 जून 2025 रोजी दुपारी 12.15, यांपैकी एखादी वेळ मिळावी. दोन्ही गैरसोयीच्या असल्यास आपण द्याल त्या वेळी येऊ. आम्ही तिघे असू; एका पानाचे टिपण सोबत जोडले आहे."

दोन्ही वेळा एकाच दिवशी ठेवू नयेत, कारण साहेब दौऱ्यावर निघाले की दोन्ही एकदम बुडतात. एक वेळ दुपारच्या जेवणाआधीची व एक नंतरची असेल तर जुळण्याची शक्यता वाढते. तिसरी आणि चौथी वेळ देऊ नये. तेवढ्या वेळा पाहून पुन्हा निवड करण्याचे काम त्यांच्याच गळ्यात पडते. आणि त्या नमुन्यातले 'आपण द्याल त्या वेळी येऊ' हे वाक्य आपण वाचले असते, तर उद्धटपणाचा आरोप करण्याची वेळच आली नसती.

पत्राला तीन दिवसांत उत्तर न आल्यास स्वीय सहायकांना एक फोन करावा. साहेबांच्या मोबाइलवर नव्हे.