मी की आम्ही?

घरी चकलीची आणि थालिपिठाची भाजणी करून विकायची, तर एक पान हवं, असं नणंदेच्या मुलाने ठरवलं. नावही त्यानेच दिलं, 'मामीची भाजणी'. पहिलं वाक्य मी लिहिलं : 'मी धान्य वेगवेगळं भाजते, एकत्र नाही.' भाच्याने नाक मुरडलं. "मामी, 'मी' म्हणजे अगदी घरगुती वाटतं. 'आम्ही' लिही. मोठा कारभार वाटला पाहिजे."

मोठा कारभार म्हणजे एक कढई, एक झारा आणि गिरणीपर्यंत डबा उचलणारे आमचे हे. तरी लिहिलं 'आम्ही'. लगेच गिऱ्हाइकांची भाषा बदलली. "तुमच्या टीमला विचारून सांगा ना, मोहन किती घालायचं?" यांनी स्वयंपाकघरात डोकावून निरोप दिला, "टीम भांडी घासतेय, थांबा म्हणावं." आणि पैसे देताना तर सगळंच उघडं पडायचं. क्यूआर कोड स्कॅन केला की पडद्यावर माझं एकटीचं नाव, तेही माहेरचं, कारण बँकेतलं खातं लग्नाआधीचं. एका बाईंनी पैसे पाठवण्याआधी फोन करून विचारलं, "या तुमच्या अकाउंटंट का?"

'आम्ही'चा खरा कस तक्रारीच्या वेळी लागतो. एकीची चकली तेलात विरघळली. उत्तर गेलं, 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' पाणी येणार नसल्याची सूचना याच आवाजात लावतात. बाई आणखी भडकल्या. मग मी लिहिलं, 'मोहन जास्त झालंय. उरलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी मिसळा, आधी एकच चकली तळून बघा. तरी विरघळली तर मला फोन करा, मी आहे.' दुपारी चकलीचा फोटो आला. ज्याच्या हाताची चव विकायची, त्याने गर्दीत लपून कसं चालेल? तेव्हाच ठरवलं, पानावर 'मी'च.

पण तोवर 'आम्ही' नुसतं पानावर नव्हतं. ओळख, किंमतपत्रक, व्हॉट्सॲपवरचं आपोआप जाणारं स्वागत, रात्री जाणारं 'सध्या उपलब्ध नाही', पाकिटावरचं लेबल, सगळीकडे घुसलं होतं. 'आम्ही' शोधून पुसणं सोपं, पण मराठीत कर्ता बोलतोच कुठे? 'उद्या पाठवतो', 'ताजी दळून देतो', 'कळवतो' या वाक्यांत 'आम्ही' दिसत नाही, क्रियापदाच्या शेपटीत दडून बसतो. एक शेपटी राहिली की वर 'मी भाजते' आणि खाली 'घरपोच देतो'. वाचणाऱ्याला वाटावं, मधल्या ओळीत बाईचा बुवा झाला. भूतकाळ तेवढा सज्जन. 'भाजणी भाजली' कोणालाही चालतं.

भाच्याचं म्हणणं याच्या बरोबर उलट. "आता परत 'आम्ही'च करून टाकू, एका क्लिकचं काम आहे," असं म्हणून त्याने पानाच्या मजकुरात 'मी' शोधून त्या जागी 'आम्ही' घालायचा हुकूम यंत्राला सोडला. यंत्र प्रामाणिक. 'कमी मीठ' होतं, तिथे 'कआम्ही आम्हीठ' झालं. 'नेहमी ताजी' चं 'नेहआम्ही ताजी'. 'दर्जाची हमी' गेली आणि 'दर्जाची हआम्ही' आली. वर ठळक अक्षरांत 'माआम्हीची भाजणी'. गिऱ्हाइकाने विचारलं, हा कुठला प्रांत? भाचा त्यानंतर परीक्षेचा अभ्यास करायला गेला.

मग मी पानाच्या एकेका ओळीतली क्रियापदं मोठ्याने वाचत बसले. जिथे माझा हात, माझा शब्द, तिथे 'भाजते, देते, बघते'. नियमांच्या जागी मात्र कर्ताच काढून टाकला. 'आम्ही उघडलेलं पाकीट परत घेत नाही' म्हटलं की भांडण उभं राहतं, 'मी घेत नाही' म्हटलं की कुणीतरी ताई-ताई करून गळ घालतं. 'उघडलेलं पाकीट परत घेतलं जात नाही' याच्याशी भांडायचं कोणी आणि कसं? 'पार्सल सोमवारी आणि गुरुवारी निघतात.' निघतात, बस्स. जणू आपल्या पायांनी.

उरला प्रश्न यांचा. मी कढईपाशी असले की फोन हे घेतात. एकदा हे बिनदिक्कत लिहून मोकळे झाले, 'हो, संध्याकाळी पाठवतो.' पलीकडून, 'मामी, तुम्ही की कोण?' मग यांना सांगितलं, एक तर खाली नाव लिहा, नाहीतर कर्ता गाळा. 'पार्सल निघालं', 'पैसे मिळाले', 'पीठ संपलं', एवढ्यावर काम भागतं.

यांना ती तऱ्हा फारच मानवली. आता घरातही तीच चालते. 'दूध उतू गेलं.' 'वीजबिलाची तारीख उलटली.' काल तर, 'किल्ल्या आतच राहिल्या.' विचारलं, कोणी ठेवल्या? तर म्हणाले, "तसं नियमात लिहीत नाहीत."