नकार आलाय? मग आता आईचं बीपी जोडा

कॅनडाचं स्टडी परमिट नाकारलं गेलंय आणि पत्रात लिहिलंय की मुदत संपल्यावर तुम्ही देश सोडाल याची अधिकाऱ्याला खात्री वाटत नाही. घाबरू नका. सोलापुरात अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. नकारपत्र घडी घालून कपाटात ठेवायचं, पुन्हा वाचायचं नाही, आणि सात रस्त्याकडच्या कुठल्यातरी क्लासच्या सरांकडून 'अपील लेटर' लिहून घ्यायचं.

या निर्णयावर अपीलच नसतं, असं कुणी म्हणालं तर त्याला गप्प बसवा. म्हणे फेरविचाराची विनंती करता येते, पण ती ऐकायची की नाही हे त्यांच्या मर्जीवर. नवा अर्ज कधीही करता येतो. आणि बाहेरून अर्ज केलेला असेल तर ६० दिवसांत तिथल्या फेडरल कोर्टाकडे दाद मागायची परवानगी मागता येते. पण कोर्ट बघतं ती जुनीच फाइल; तुमचं नवं पत्र सहसा उघडतसुद्धा नाही. आणि जिंकलात तरी परमिट मिळत नाही, फाइल फक्त दुसऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जाते. एवढी किचकट भानगड कोण ऐकून घेणार? सर अपील म्हणालेत ना, मग अपील.

आता मजकूर. सुरुवात मातृभूमीवरच्या प्रेमाने करा. मग सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा येऊ द्या: नंदीध्वज धरायला दर संक्रांतीला मीच लागतो, तेव्हा परत यावंच लागेल. (दोन वर्षं तो कोण धरणार, हे अधिकारी विचारणार नाही अशी आशा धरा.) शेवटी आईचं बीपी.

समजा तुम्ही टेक्स्टाइलचे इंजिनिअर आहात, वडिलांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे आणि तुम्ही निघालात सप्लाय चेनचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायला. अधिकाऱ्याने टिपणात लिहिलंय: आधीच्या शिक्षणाशी हा कोर्स जुळत नाही, एवढा खर्च करून काय साधणार ते सांगितलेलं नाही, परतल्यावरची योजना मोघम आहे. हे टिपण हल्ली बऱ्याचदा नकारासोबतच येतं. नसेल तर तिथल्या माहिती अधिकाराखाली तिथे राहणाऱ्या कुणाकरवी मागवता येतं. तुम्ही अजिबात मागवू नका. प्रश्न कळला तर उत्तर द्यावं लागेल.

आणि उत्तर फार रुक्ष निघेल. आपला माल मुंबईच्या निर्यातदाराच्या नावाने बाहेर जातो आणि मधला नफा तोच खातो. परतल्यावर थेट निर्यात सुरू करायची आहे. त्यासाठी मालवाहतूक, कस्टम्सचे कागद, परदेशी खरेदीदाराच्या अटी, असे कोर्समधले अमुक तीन विषय हवेत. मी फर्ममध्ये भागीदार आहे. सोबत भागीदारीचा करार, जीएसटीची रिटर्न्स, निर्यातदाराला दिलेली बिलं. इथल्या संस्थांमधले असेच कोर्स पाहिले, ते का पुरत नाहीत ते असं. यात ना अश्रू, ना नंदीध्वज. असलं पत्र वाचून सरांनासुद्धा जांभई येईल.

त्यापेक्षा कोर्टासमोरच्या नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या: 'मी कॅनडात कायम राहण्यासाठी कधीही अर्ज करणार नाही.' कुणी मागितलेलं नसलं तरी करा. तिथल्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २२(२) म्हणतं की पुढे कायम राहायची इच्छा असणं हा काही गुन्हा नाही. मुदतीनंतर राहण्याची परवानगी नसेल तर माणूस निघेल, एवढी खात्री पटली की झालं. म्हणजे तुमच्या प्रतिज्ञेची गरजच नाही. शिवाय पहिल्या अर्जातल्या निवेदनात तुम्हीच लिहून ठेवलंय, 'शिक्षणानंतर तीन वर्षांचं वर्क परमिट घेऊन तिथला अनुभव घेईन.' दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी बसतील. बसू देत, गप्पा मारतील.

मामाच्या लेटरहेडवर नोकरीचं हमीपत्रही हवंच. पद जनरल मॅनेजर, पगार दीड लाख. मामाकडे कामगार चार आणि फोन उचलतो तो वॉचमन, हे गौण आहे. खोटा कागद पकडला गेला तर कलम ४० खाली पाच वर्षं बंदी असते. पाच वर्षांत यात्रा मात्र एकही चुकणार नाही.

राहिला नवा अर्ज. त्यात एक रकाना येतो: 'यापूर्वी तुम्हाला कॅनडाने किंवा इतर कुठल्या देशाने व्हिसा किंवा परमिट नाकारलं आहे का?' सरांचा सल्ला आहे, 'नाही' लिहा. त्यांचं म्हणणं असं की कॅनडाने दिलेला नकार कॅनडाला कुठून कळणार?